शॉर्ट फिल्मची लॉगलाइन आणि एक पानी सिनॉप्सिस कसं लिहायचं: एका गोष्टीवर करून बघू

शॉर्ट फिल्मसाठी कुणाकडे पैसे मागायला जा, कॉलेजच्या फिल्म क्लबकडे कॅमेरा मागायला जा, नाहीतर ओळखीच्या कॅमेरामनला दोन दिवस दे म्हणून सांगायला जा, पहिल्यांदा एकच उत्तर येतं, "लॉगलाइन पाठव, सोबत एक पानी सिनॉप्सिस." स्क्रिप्ट नंतर. म्हणजे ज्या माणसाने तुमच्या फिल्मबद्दल हो किंवा नाही म्हणायचंय तो आधी ही दोनच गोष्टी वाचणारे, आणि त्यावरूनच ठरवणारे की पुढची बारा पानं वाचायची की नाही.

लॉगलाइन म्हणजे अख्खी फिल्म एका वाक्यात, फार तर दोन वाक्यात. सिनॉप्सिस म्हणजे अख्खी फिल्म एका पानात, शेवटासकट. शेवटासकट हे आत्ताच सांगून ठेवतो कारण नवीन लोक हमखास तिथेच अडतात, त्यावर पुढे येऊच.

नुसते नियम सांगून काही हाती लागत नाही, म्हणून एक गोष्ट घेऊ आणि तिच्यावरच सगळं करू. गोष्ट अशी: गावाकडचं लग्न, मांडवात आहेराचं टेबल, तिथे वही घेऊन बसलेली एक मुलगी. आपल्याकडे आहेर कसा लिहितात माहितीये ना, पाकीट उघडायचं, नोटा मोजायच्या, नाव, गाव, रक्कम लिहायची, पैसे पिशवीत. ही वही पुढे वर्षानुवर्षं जपली जाते कारण त्यांच्या घरच्या लग्नात आपल्याला तेवढाच आहेर परत करायचा असतो. तर या मुलीचे वडील पाकिटात पाचशे एक घालतात आणि तिला हळूच सांगतात, पाच हजार एक लिही. एवढीच आयडिया, आता हिची लॉगलाइन करायची.

आधी चार उत्तरं कागदावर

लॉगलाइन लिहायला बसण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं साध्या भाषेत लिहून काढा, सुंदर वाक्यं नकोत. गोष्ट कुणाची आहे? काय घडतं ज्यामुळे तिचा नेहमीचा दिवस बिघडतो? मग तिला काय करायचं असतं आणि आडवं काय येतं? आणि ते जमलं नाही तर तिचं किंवा कुणाचं नेमकं काय नुकसान होतं?

आपल्या गोष्टीत पहिल्या दोनची उत्तरं लगेच मिळतात: तेरा वर्षांची मुलगी, आणि वडिलांनी खोटी रक्कम लिहायला सांगणं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र गोष्ट अडकते. खोटं लिहिलं, बरं, पुढे? काहीच होत नसेल तर हा एक प्रसंग झाला, फिल्म नाही. बऱ्याच शॉर्ट फिल्म इथेच बसतात, आयडिया छान असते पण पुढचं पाऊल नसतं, आणि लॉगलाइन लिहायला घेतल्याचा खरा फायदा हाच की ही भोकं स्क्रिप्ट लिहायच्या आधी दिसतात.

तर पुढे काय होऊ शकतं? रात्री हिशेब होणार. वहीतली बेरीज आणि पिशवीतले पैसे जुळणार नाहीत, साडेचार हजारांची तूट. मग संशय कुणावर जाईल, जो पिशवी धरून बसला होता त्याच्यावर. लग्न मुलीच्या मामाच्या घरचं धरू, आणि तो पोरगा मामाच्याच दुकानात काम करणारा, गरीब असेल तर सगळ्यांना ते लगेच पटेलही. आता मुलगी अडकली: खरं बोलली तर वडील सगळ्यांसमोर खोटे पडतात, गप्प बसली तर पोराचं काम जातं आणि चोर हा शिक्का बसतो. चौथ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. आणि वडील या घरचे जावई आहेत, सगळे त्यांना दाजी म्हणतात, त्यामुळे त्यांची अब्रू इथे बाकी कुठल्याही लग्नापेक्षा जास्त पणाला लागलीये. हे नातं निवडताना विचार करा, काका ऐवजी मामा केल्याने गोष्टीचं वजन बदलतं.

लॉगलाइनचे ड्राफ्ट

बहुतेकांचा पहिला ड्राफ्ट साधारण असा असतो:

"ही फिल्म एका निरागस मुलीच्या नजरेतून समाजातल्या खोट्या प्रतिष्ठेवर आणि नात्यांमधल्या गुंतागुंतीवर भाष्य करते."

यात काय दिसतं? काहीच नाही. हा विषय झाला. हेच वाक्य हुंड्यावरच्या फिल्मला लावा, शाळेच्या ॲडमिशनवरच्या फिल्मला लावा, चालून जातं. ओळखायची सोपी खूण, तुमची लॉगलाइन दुसऱ्याच्या फिल्मला चिकटत असेल तर ती लॉगलाइन नाही. 'भाष्य', 'प्रवास', 'संघर्ष', 'भावविश्व' असे शब्द आले की थांबा आणि विचारा, कॅमेऱ्यासमोर नक्की काय होतंय.

मग माणूस दुसऱ्या टोकाला जातो:

"आर्या आपले वडील संजय आणि आई सुनीतासोबत दिलीपमामाच्या मुलीच्या म्हणजे स्नेहलच्या लग्नाला जाते, तिथे तिला आहेर लिहायला बसवतात, तिच्यासोबत पिंट्या असतो, मग संजय येतात आणि..."

नावंच नावं. वाचणाऱ्याला यातलं कुणीच माहीत नाही, त्यामुळे नाव त्याला काही सांगत नाही. लॉगलाइनमध्ये नावाऐवजी माणसाची ओळख लिहायची, आणि तीही अशी की ज्यात अडचण आधीच दडलेली आहे. 'तेरा वर्षांची मुलगी' ठीक, 'आहेराची वही लिहिणारी तेरा वर्षांची मुलगी' जास्त चांगलं कारण वही तिच्या हातात आहे आणि म्हणून खोटंही तिच्याच हातून होणार. शिवाय 'मग' आणि 'आणि' ने जोडलेले प्रसंग म्हणजे नुसती यादी. 'पण' आणि 'तेव्हा' ने जोडून बघा, जोडता येत नसेल तर दुरुस्ती गोष्टीतच करावी लागणार.

तिसरा प्रकार जाहिरातीचा: "एका वहीत दडलेलं एक सत्य... ती लिहील का?" हे पोस्टरवर शोभेल. निर्मात्याला किंवा ज्युरीला कोडं नको असतं, त्यांना बघायचं असतं की तुमच्याकडे पूर्ण गोष्ट आहे का.

हे सगळं गाळून जे उरतं ते असं:

"मामाच्या मुलीच्या लग्नात आहेराची वही लिहिणारी तेरा वर्षांची मुलगी वडिलांची अब्रू राखायला खोटी रक्कम लिहिते, पण हिशेबात तूट निघून चोरीचा आळ पैशांची पिशवी सांभाळणाऱ्या पोरावर येतो, तेव्हा दोघांपैकी एकालाच वाचवणं तिच्या हातात उरतं."

तीसेक शब्द आहेत. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने तीस शब्दांत भरपूर मावतं, चाळीसच्या पुढे गेलात तर काहीतरी जास्तीचं आहे असं धरून चाला. यात शेवट सांगितलेला नाही, पण शेवटी तिला कशातून निवडायचंय ते स्पष्ट आहे. लॉगलाइन इथपर्यंतच न्यायची.

तपासायचं कसं? जो कुणी या गोष्टीशी अजिबात संबंधित नाही त्याला तोंडी सांगा, वाचून नाही. त्याने "मग काय करते ती?" विचारलं तर जमलं. "म्हणजे? पिशवी कुणाची?" असं विचारलं तर वाक्यरचना गुंतलीये, ती सोडवा. दुसऱ्या दिवशी त्यालाच म्हणा, आता तू मला सांग ती गोष्ट. तो जे विसरला ते बहुतेक वेळा लॉगलाइनमध्ये नसलं तरी चालतं.

सिनॉप्सिस

आता एक पान. साडेतीनशे ते चारशे शब्दांच्या आत ठेवा. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे बारा मिनिटांची फिल्म बारा पानांची, आणि ती तुम्हाला एका पानात आणायचीये. मग प्रत्येक सीन लिहायचा नाही, ज्याने गोष्ट वळते तेवढंच लिहायचं.

लिहायचं वर्तमानकाळात. 'आर्या बसली होती' नाही, 'आर्या बसते'. आपल्याला कथा भूतकाळात वाचायची सवय असल्याने हात आपोआप तिकडे जातो, तर लिहून झाल्यावर एकदा फक्त क्रियापदं तपासत खाली या. आणि जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच. 'तिला अपराधी वाटतं' हे शूट कसं करणार? त्याऐवजी ती काय करते ते लिहा. आपल्या गोष्टीचं सिनॉप्सिस मी असं लिहीन:

"कोल्हापूरजवळच्या एका गावात लग्नाचा मांडव. घरात सगळ्यांत वळणदार अक्षर आर्याचं (१३), म्हणून दिलीपमामा कौतुकाने आहेराची वही तिच्याकडे देतो. शेजारी मामाच्या दुकानात कामाला असलेला पिंट्या (१५), मांडीवर पैशांची कापडी पिशवी. आर्या पाकिटं उघडते, मोजते, लिहिते, पिंट्या नोटा पिशवीत टाकतो. मधल्या वेळात तो तिच्याकडून वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं नाव लिहून घेतो आणि ते निरखत बसतो.

रांगेत आर्याचे वडील संजय (४२) येतात. त्यांच्या पुढचा पाहुणा पाच हजार एक देतो, मामा शेजारी उभं राहून ते ऐकतो. संजयच्या पाकिटात पाचशे एक निघतात. मामा दुसरीकडे वळताच ते वाकून म्हणतात, 'पाच हजार एक लिही.' आर्या त्यांच्याकडे बघत राहते. मागे रांग खोळंबते. ती लिहिते. पिंट्या नोटा न मोजता पिशवीत टाकतो.

रात्री माजघरात हिशेब. साडेचार हजार कमी भरतात. परत मोजतात, तेवढेच. सगळे पिंट्याकडे बघतात. मामी त्याला खिसे उलटे करायला लावते. खिशातून कागदात बांधलेले बुंदीचे दोन लाडू निघतात, बहिणीसाठी घेतलेले. मामा त्याला उद्यापासून दुकानात येऊ नको म्हणतो. दारात उभे असलेले संजय गप्प. आर्या त्यांच्याकडे बघते, ते मान खाली घालतात.

आर्या वही ओढून घेते आणि संजयच्या नावावर बोट ठेवते. 'माझ्याकडून एक शून्य जास्त पडलं. पप्पांनी पाचशे एक दिलेले.' खोलीत शांतता. मामी हसते, 'दाजींनी पाचशेच?' मामा वही आर्याच्या हातातून काढून दुसऱ्या भाच्याकडे देतो. पिंट्याला कुणीच काही म्हणत नाही. तो लाडू तिथेच ठेवून निघून जातो. संजय पुढे होतात, सगळ्यांच्या देखत लाडू उचलतात आणि त्याच्या मागे अंधारात जातात."

आता याचे सांधे बघा. वडील दुसऱ्या परिच्छेदात येतात, म्हणजे पानाच्या वरच्या तिसऱ्या भागातच गोष्ट सुरू झालीये. तुमच्या पानावर पेन्सिलने खूण करा, दिवस बिघडवणारी घटना कुठल्या ओळीवर आहे. ती अर्ध्या पानाच्या खाली असेल तर तुम्ही पार्श्वभूमी लिहीत बसलायत, संजयवर कर्ज कसं झालं, मामाशी जुना वाद काय, वगैरे. ते स्क्रिप्टमध्येही बहुधा लागणार नाही, शॉर्ट फिल्ममध्ये पाचशे एकचं पाकीट पुरेसं बोलतं.

पहिल्या परिच्छेदातलं पिंट्याचं नाव लिहून घेणं बघा, ते एक वाक्य काढलं तर तिसऱ्या परिच्छेदात त्याच्यावर आळ आल्याने आपल्याला फारसं काही वाटत नाही, तो नुसता 'गरीब पोरगा' उरतो. सिनॉप्सिसमध्ये अशा एखाद-दुसऱ्या बारीक गोष्टीला जागा द्यायचीच, फक्त ती पुढे कामाला आली पाहिजे.

आणि शेवट. पुष्कळ जण सिनॉप्सिस "आता आर्या काय करणार? पाहण्यासाठी..." असं सोडतात, का तर सस्पेन्स फुटेल म्हणून. पण वाचणारा प्रेक्षक नाहीये, तो तुमच्या फिल्ममध्ये पैसे किंवा वेळ घालणारा माणूस आहे आणि त्याला नेमकं हेच तपासायचंय की उभी केलेली अडचण तुम्ही सोडवता कशी. लॉगलाइन म्हणते दोघांपैकी एकालाच वाचवता येईल, आणि शेवटी ती तिसरीच वाट काढते, चूक स्वतःवर घेते. पण ही वाट फुकटची नाही. वडिलांचा खोटेपणा झाकला जातो, मात्र पाचशेचा आकडा उघडा पडतोच, आणि अक्षराचा मान तिचाही जातो. शेवट लिहिताना हा हिशेब घाला, कुणी काय गमावलं. कुणीच काही गमावलं नसेल तर शेवट सोयीचा आहे, आणि सवयीच्या वाचकाला तो लगेच कळतो.

निर्माता वाचताना काय मोजत असतो

गोष्टीसोबत त्याच्या डोक्यात दुसरा हिशेब चालू असतो: लोकेशन किती, कलाकार किती, रात्रीचं शूट आहे का, गर्दी आहे का. आपल्या गोष्टीत लग्न आहे, म्हणजे 'गर्दी, मांडव, जेवणावळ, बजेट गेलं' असं त्याला वाटणार. म्हणून सिनॉप्सिस मुद्दाम टेबल आणि माजघर याच दोन जागांवर ठेवलंय. मांडवाची गर्दी रांगेतल्या आठ-दहा माणसांत, त्यांच्या हातांत आणि मागून येणाऱ्या आवाजात उभी करता येते, नवरा-नवरी तर दाखवायचीही गरज नाही. तुमच्या पानात कुठे 'अख्खा गाव जमतो' किंवा 'एसटी दरीच्या कडेला थांबते' असं सहज लिहिलं गेलंय का ते शोधा आणि त्याशिवाय भागतं का बघा.

तसंच बँडवर अमुक सिनेमातलं गाणं वाजतंय असं लिहू नका. ते गाणं वापरायला हक्क घ्यावे लागतात, आणि नवख्याने ते गृहीत धरलेलं दिसलं की वाचणारा तिथेच ओळखतो. 'बँडचा आवाज' एवढं पुरतं.

पान कसं दिसावं

वर फिल्मचं नाव, खाली एका ओळीत अंदाजे लांबी, भाषा आणि प्रकार, उदाहरणार्थ '१२ मिनिटं, मराठी, कौटुंबिक ड्रामा'. मग लॉगलाइन, मग सिनॉप्सिस, तळाला तुमचं नाव आणि फोन. ए-फोर पान, बारा पॉइंटचा साधा फॉन्ट, चारही बाजूंनी इंचभर समास. पानात बसत नाही म्हणून फॉन्ट नऊचा करू नका, एखादं वाक्य काढा. पात्राचं नाव पहिल्यांदा येताना ठळक करा आणि कंसात वय द्या, एवढी सजावट बास.

एक आपला खास मराठी त्रास: श्रीलिपी किंवा कृतिदेव सारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्येच टाइप करा आणि पाठवताना पीडीएफ करा, मग पाठवण्याआधी ती पीडीएफ स्वतःच्या मोबाईलवर उघडून जोडाक्षरं नीट दिसतायत का बघा, कारण समोरचा बहुधा मोबाईलवरच वाचणार आहे.

आयडिया चोरीला जाईल ही भीती सगळ्यांना असते. भारतात कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही, ती कल्पना तुम्ही ज्या रूपात लिहून काढलीत त्या मांडणीला मिळतो, सुप्रीम कोर्टाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलंय. त्यामुळे 'आहेराच्या वहीवर फिल्म' एवढं तोंडी सांगून ती तुमची होत नाही, पण वर लिहिलंय तसं प्रसंगांसकट, शेवटासकट लिहिलेलं पान ही तुमची मांडणी आहे. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य झालात तर असं लिखाण तिथे ऑनलाइन रजिस्टर करता येतं. शक्य असेल तर स्क्रिप्टही रजिस्टर करा, कारण जितकं तपशीलवार लिहिलेलं तितका पुरावा भक्कम.

पाठवताना लॉगलाइन मेलच्या मजकुरातच टाका, अटॅचमेंटमध्ये लपवू नका. मेल अशी: दोन ओळीत तुम्ही कोण, मग लॉगलाइन, मग 'सिनॉप्सिस सोबत जोडलंय, स्क्रिप्ट तयार आहे' आणि नेमकं काय हवंय ते, कॅमेरा, पैसे, की फक्त वाचून मत. स्क्रिप्ट तयार नसेल तर तयार आहे लिहू नका, कारण लॉगलाइन आवडली तर त्याच दिवशी मागतात. फाइलला 'फायनल_नवीन_२' असं नाव न देता फिल्मचं आणि तुमचं नाव द्या, म्हणजे महिन्याभराने त्याने डाउनलोडमध्ये शोधली तरी सापडेल.